प्रकल्प नोंदी: जुळे सोलापूरच्या गाळ्याचं नाव

4 ऑगस्ट, सोमवार

काम: बुटिकचं नाव ठरवणं, त्यानंतर पाटी, लेबल आणि पिशवी. गाळा जुळे सोलापुरात, दर्शनी भाग 11 फूट. माल म्हणजे इरकल आणि खणाचे शिवलेले ब्लाउज, कुर्ती, थोड्या साड्या, शिवाय मापाची शिलाई. ताईंचं वय 26, पहिलंच दुकान. उद्घाटन घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला.

ताईंनी माप घ्यायच्या वहीच्या शेवटच्या पानांवर 41 नावं लिहून आणली. त्यातली 9 खोडून पुन्हा लिहिलेली आहेत.

नावं वाचण्याआधी तारखा उलट्या मोजल्या. पाटी 20 सप्टेंबरला लागायची, तर कारागिराला आठवडा आधी मजकूर हवा. विणलेली लेबलं नमुना मंजूर होण्यासकट तीन आठवडे घेतात, आणि लेबलाशिवाय ब्लाउजची गळपट्टी बंद करता येत नाही. म्हणजे माल शिवून तयार असला तरी अर्धवट पडून राहणार. चालू खात्यासाठी बँक एकल मालकीच्या दुकानाकडून साधारणपणे दुकानाच्या नावाचे दोन पुरावे मागते. गुमास्ता आणि उद्यम ही छोट्या उद्योगांची नोंदणी, हे दोन सगळ्यात सोपे, आणि दोन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. सगळ्यात आधी अडणार ते लेबल. म्हणून नाव बंद करण्याची तारीख धरली 30 ऑगस्ट.

ताई म्हणाल्या, "नाव काय हो, चार दिवसांत ठरेल." नोंद करून ठेवली.

7 ऑगस्ट, गुरुवार

41 नावांचे ढीग केले. पहिल्या ढिगात माणसांची नावं: स्वतःचं, आजीचं, भाचीचं. यात चूक काही नाही, पण आपल्या खऱ्या नावानं प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 35 नुसार अडवता येत नाही. उद्या त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंनी दोन गल्ल्या सोडून दुकान काढलं तर ताईंच्या हातात फारसं काही उरत नाही. आजीचं नाव बाजूला ठेवताना ताई थोडा वेळ गप्प होत्या.

दुसऱ्या ढिगात "सोलापुरी" किंवा "इरकल"ने सुरू होणारी 12 नावं. माल कुठला आणि कसला एवढंच सांगणाऱ्या शब्दाला कलम 9 आडवं येतं. शिवाय सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे कापडाच्या धंद्यात "सोलापुरी" हा शब्द स्वतःच्या मालकीचा करायला जाणं म्हणजे हरकत ओढवून घेणं. पाटीवर खाली "इरकल, खण" असं लिहायला कोणाची ना नाही. ते वर्णन आहे, नाव नव्हे.

तिसऱ्या ढिगात कलेक्शन, क्रिएशन, फॅशन, स्टुडिओ. नवी पेठेत एक चक्कर मारून ताईंनी स्वतःच हा ढीग फाडला.

उरली 11. त्यातली कामाची 5, आणि पाचही शिवणकामाच्या घरातली: चीर, गुंडी, मगजी, अंचू, निऱ्या.

9 ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा, मार्कंडेयाचा रथ. शहराच्या पूर्व भागातले सगळे कारागीर रथोत्सवात. काम बंद.

12 ऑगस्ट, मंगळवार

कानाची चाचणी. सोलापुरात दुकानाचं नाव मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार तोंडांतून जातं, आणि या दुकानाच्या कामातच चारही आहेत. हातशिलाई करणाऱ्या अक्का तेलुगू, इरकल आणून देणारे अण्णा कन्नड, आरीकाम करणारे चाचा दखनी बोलणारे. प्रत्येकाला नाव एकदाच ऐकवलं आणि पहिल्यांदा काय डोक्यात आलं ते विचारलं. अर्थ सांगून मत विचारलं तर लोक भिडेनं "छान आहे" म्हणतात, म्हणून अर्थ आधी सांगायचा नाही.

*चीर.* अक्कांचा चेहरा खुलला. तेलुगूत चीर म्हणजे साडीच. कन्नडमध्ये सीरे, म्हणून अण्णांनाही जवळचं. मराठीत मात्र चीर भिंतीला पडते, आणि वस्त्र या अर्थानं आठवते ती चीरहरणात. ज्या दुकानात बायका मापं द्यायला येणार त्यावर हे नाव नको. बाद.

*मगजी.* कापडाच्या कडेला लावतात ती पट्टी. हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही त्याच अर्थानं आहे, त्यामुळे चाचांनी लगेच ओळखला. पण तिशीच्या आतले सगळे पायपिंग म्हणतात. ताईंच्या मैत्रिणीला मगजमारी आठवली. बाद.

*गुंडी.* म्हणजे बटण. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, चारही कानांनी बटणच ऐकलं. असं नाव सहसा सापडत नाही. अण्णांनी मात्र हसत पुढचं सांगितलं: कन्नडमध्ये गुंडी म्हणजे खड्डासुद्धा. आपल्याकडचे रस्ते पाहता हा विनोद पाटी लागल्याच्या दिवशीच होणार. हिंदी सिनेमे पाहणाऱ्या पोरांना गुंडाची बायको दिसली. तरी ताईंना हेच आवडलं.

*अंचू.* कन्नड आणि तेलुगू दोन्हींत काठ, कडा. अक्का म्हणाल्या, "चीर अंचू अंटारु मा इंट्लो." साडीचा काठ असंच घरी म्हणतात. मराठी माणसाला अर्थ लागत नाही, पण कानाला खटकतही नाही. राहिलं.

*निऱ्या.* मराठीत सांगायला नको. कन्नडमध्ये निरिगे, त्यामुळे अण्णांना अर्धा शब्द ओळखीचा. अक्का तेलुगूत कुच्चिळ्ळु म्हणतात, पण इतकी वर्षं मराठी गिऱ्हाइकांच्या साड्या हाताळल्यावर निऱ्या त्यांना माहीतच. राहिलं.

14 ऑगस्ट, गुरुवार

फोनची चाचणी. कुरिअरवाला, रिक्षावाले, मापाला येणाऱ्या बायका, पिशव्यावाला, असे 10 जण. प्रत्येकाला फोनवर दुकानाचं नाव एकदा सांगायचं आणि त्यांनी ते लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायचं, लिपी त्यांच्या मर्जीची.

अंचू इथे पडलं. दहातल्या सहा जणांनी अंजू लिहिलं. कारण सरळ आहे. अनुस्वारानंतर येणारा च फोनवर ज सारखा ऐकू येतो, आणि अंजू हे ओळखीचं नाव असल्यानं कान तिकडे धावतो. "अंजू बुटिक" असं ऐकल्यावर कोणालाही शंका येत नाही, म्हणून कोणी पुन्हा विचारतही नाही. चुकीचं पार्सल येतं तेव्हा कळतं.

गुंडी नऊ जणांनी बरोबर लिहिलं. निऱ्या दहाही जणांना समजलं, पण रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी चार तऱ्हा केल्या: Nirya, Niriya, Neerya, Nirrya. इन्स्टाग्रामवर दुकान शोधणारी बाई यातलं कोणतं टाईप करेल हे सांगता येत नाही.

18 ऑगस्ट, सोमवार

ताईंनी रविवारी रात्री निरोप पाठवला: गुंडी नक्की. सकाळी लेबलवाल्याकडे कच्चा नमुना टाकला, एक इंच रुंदीचं विणलेलं लेबल.

संध्याकाळी नमुना हातात आला आणि नाव बदललेलं होतं. एक इंचात अक्षराचं अंग पाच मिलिमीटर येतं, त्यावर अनुस्वाराचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. विणलेल्या लेबलात ठिपका म्हणजे दोन-तीन धाग्यांची उडी. ती शेजारच्या वेलांटीत मिसळली आणि लेबलावर उरलं "गुडी". तेलुगूत आणि कन्नडमध्ये गुडी म्हणजे देऊळ. मराठी वाचणाऱ्याला वाटतं गुढी लिहायची होती, चुकली.

लेबल दीड इंचाचं केलं तर ठिपका टिकतो, पण ब्लाउजच्या मागच्या गळ्यात दीड इंचाचं लेबल टोचतं. साटीनवर छापील लेबल केलं तर ठिपका स्वच्छ येतो, पण वारंवार धुतल्यावर शाई फिकी होते आणि ठिपका सगळ्यात आधी जातो.

पाटीवरही हेच नाव महाग पडतं. गाळ्याला 8 फूट रुंद आणि अडीच फूट उंच पाटी धरली आहे, कारण ॲल्युमिनियमच्या पॅनेलचं, म्हणजे एसीपीचं, शीट 8 बाय 4 चं येतं आणि त्यात सांधा न देता बसते. 30 इंच उंचीतून वरखाली 4-4 इंच समास सोडले तर 22 उरतात. रोमन ओळ आणि मधली मोकळी जागा वजा जाता मराठी नावाला 13 इंच. गुंडीत वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. 13 पैकी निम्मी उंची मात्रांनाच जाते आणि अक्षराचं अंग उरतं साडेसहा इंच. अंगाच्या एका इंचाला 10 फूट असा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे नाव सुमारे 65 फुटांवरून सुखानं वाचता येतं. खाली काहीच न लटकणारं नाव असतं तर त्याच 13 इंचांत अंग साडेआठ इंच आलं असतं.

ताईंनी लेबल उलटंपालटं करून पाहिलं. "एक ठिपका हो, नुसता एक ठिपका," एवढंच म्हणाल्या आणि नमुना वहीत ठेवून निघाल्या.

21 ऑगस्ट, गुरुवार

निऱ्या परत टेबलावर. चार स्पेलिंगांचा प्रश्न एकच स्पेलिंग ठरवून रेटता येईल असं वाटलं होतं. अडचण देवनागरीतच निघाली.

पिशव्यावाल्याकडून प्रूफ आलं त्यावर "निर्या" होतं. वाचताना निर्यातमधला त राहून गेल्यासारखं. त्याला दोनदा सांगितलं, दोनदा तेच आलं. त्याचा दोष नाही. "सुऱ्या", "दऱ्या", "निऱ्या" यांतला आडवा अर्धा र मराठीत नेहमीचा, आणि तो टाईप करायला नुक्त्याचा ऱ लागतो. साधा र वापरला की संगणक रफार चढवतो.

```
निऱ्या : U+0928 U+093F U+0931 U+094D U+092F U+093E
निर्या : U+0928 U+093F U+0930 U+094D U+092F U+093E
```

तिसरा अक्षर-क्रमांक तेवढा वेगळा. काही जण साधा र घेऊन मध्ये न दिसणारा जोडक U+200D टाकतात. स्क्रीनवर अक्षर बरोबर दिसतं, पण मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवताना जोडक गळला की पुन्हा निर्या. छापखान्यांतल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तर हे अक्षर प्रत्येकाच्या वेगळ्या कळीवर असतं.

हातानं पाटी रंगवणारा पेंटर हे अक्षर डोळे मिटून बरोबर काढेल. पण पाटी एकदाच होते. पिशवी, बिल, भेटकार्ड, जाहिरात ही दर वेळी नव्या माणसाकडे जातात, आणि प्रत्येक प्रूफ ताईंना भिंग घेऊन तपासावं लागेल. एकदा नजर चुकली की हजार पिशव्या निर्या. बाद.

23 ऑगस्ट, शनिवार

रात्री 1.40 ला ताईंचे 17 नवे पर्याय आले. सकाळी 9 ला निरोप: "सगळे खोडा." नंतर दिवसभर काही नाही.

25 ऑगस्ट, सोमवार

17 खोडलेच. पण आधीचे तीन पर्याय का पडले ते एका कागदावर ओळीनं लिहिलं. अंचू अनुस्वारानंतरच्या च मुळे पडलं, गुंडी अनुस्वार आणि उकारामुळे, निऱ्या अर्ध्या र मुळे. एकही अर्थामुळे पडलेलं नाही, आणि ताई तीन आठवडे अर्थ शोधत होत्या. मग प्रश्न उलटा मांडला: अनुस्वार नको, जोडाक्षर नको, खाली उकार नको, शब्द शिवणकामातला हवा.

कागद पाहून ताईंनीच निऱ्याचं एकवचन केलं. निरी.

हा शब्द मराठीत आहे, पण एकट्यानं क्वचित येतो. एक निरी सुटली, असं साडी नेसवणारी म्हणते तेवढंच. ओळखीचा आणि तरी न वापरलेला. हिंदीत "निरी" म्हणजे नुसती, पण त्या अर्थानं ते एकटं येत नाही. तेलुगू-कन्नड कानाला नीरु, म्हणजे पाणी, जवळून जातं. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "नीळ्ळु नाही ना, साडीचंच ना? मग चालतंय."

फोनची चाचणी त्याच दहा जणांवर. सातांनी निरी, तिघांनी नीरी. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक कान धरत नाहीच, पण दोन्ही रूपं ऐकायला एकच असल्यानं माणूस दुसऱ्या दुकानात जात नाही. Niri आणि Neeri दोन्ही खात्यांची नावं आजच घ्यायला सांगितली.

26 ऑगस्ट, मंगळवार

ट्रेडमार्क नोंदवहीतला शोध. tmrsearch.ipindia.gov.in वर वर्ग 25 (कपडे), 35 (किरकोळ विक्री) आणि 40 (शिलाई), तिन्हींत वेगवेगळा शोध करावा लागतो. नवखे Wordmark खाली जसंच्या तसं नाव टाकून थांबतात. Phonetic हा दुसरा शोध जास्त महत्त्वाचा, कारण परीक्षक ऐकायला सारखी नावंही पाहतो. Niri, Neeri, Niree, Nerry अशी वळणं टाकून जी नावं आली त्यांची स्थिती एकेक करून लिहिली. Abandoned किंवा Refused असेल तर भीती कमी. Registered किंवा Opposed असेल तर उघडून माल काय ते वाचायचं. त्याच मालासाठी त्याच आवाजाचं चालू नाव असतं तर इथेच थांबलो असतो.

शोध स्वच्छ निघाला म्हणून नाव आपलं होत नाही. नोंदणी न करता आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. म्हणून नवी पेठ, सात रस्ता आणि जुळे सोलापूर पायी फिरून पाट्या पाहिल्या, नकाशावरही शोधलं.

अर्ज वर्ग 25 मध्येच करायचं ठरलं. व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला 4500 रुपये, आणि आत्ता नाव गळपट्टीवर शिवलं जाणार आहे. वर्ग 35 दिवाळीनंतर. मालाच्या यादीत ब्लाउज, कुर्ती, परकर. एक गोष्ट मुद्दाम वगळली: तयार निऱ्या शिवलेली साडी. त्या मालासाठी निरी हे नाव राहत नाही, वर्णन होतं, आणि परीक्षक तेवढ्यावरून कलम 9 ची हरकत काढू शकतो.

29 ऑगस्ट, शुक्रवार

नाव बंद. एक दिवस आधी.

कामगार मोजकेच असल्यानं गुमास्त्यासाठी नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिथे "निरी / Niri" असं भरलं. पुढे "बुटिक" लावायचं का यावर अर्धा तास गेला. लावलं असतं तर प्रत्येक कागदावर बुटिक, बुटीक, Boutique यांतलं एक ठरवून पाळावं लागलं असतं. वगळलं. उद्यम नोंदणी त्याच अक्षरांनी, विनाशुल्क. लेबलं 1000, एक इंची, विणलेली.

पाटीचा मजकूर कारागिराला लिहून दिला: देवनागरी वर, रोमन खाली, आणि रोमन अक्षर मराठीपेक्षा मोठं कुठेही नको. हा आवडीचा प्रश्न नाही, राज्याचा नियम आहे, आणि नकाशा काढून देणारे डिझायनर तो हमखास उलटा करतात.

11 सप्टेंबर, गुरुवार

लेबलांचा नमुना आला. दोन्ही वेलांट्या मोकळ्या, काही बुजलेलं नाही. मंजूर.

20 सप्टेंबर, शनिवार

पाटी चढली. समोरच्या फुटपाथवरून स्वच्छ वाचता येते. दुचाकीवरून येताना कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून दिसायला लागते, तो 80 फुटांवर आहे.

कारागीर शिडीवर असतानाच दोन बायका थांबल्या. पाटी वाचून त्यातली एक म्हणाली, "साडीला निऱ्या घालून इस्त्री करून देता का? लग्नाच्या चार आहेत." ताईंनी इकडे पाहिलं, मग "देतो की, सोमवारी आणा" म्हणाल्या.

दरपत्रकात एक ओळ वाढवली. ट्रेडमार्कच्या फाइलवर पेन्सिलनं लिहिलं: वर्ग 40 मध्ये या नावानं अर्ज करू नये.